झाडाखालची उधारी

माझ्या फोनमधल्या बऱ्याच माणसांना स्वतःचं नाव नाही. एक नंबर ‘दोन वेण्यांची आई’ असा आहे, एक ‘चष्म्याचे पप्पा’, एक नुसताच ‘लाल स्कूटी’. ही सगळी माणसं मला नवीन जालन्यातल्या एका शाळेच्या फाटकावर भेटली. लेकरं आता मोठी झाली, वेण्या कापल्या गेल्या, लाल स्कूटी कधीच विकली गेली. पण नंबर तसेच आहेत आणि फोन केला तर उचललाही जातो. यातल्या तिघांचं मी देणं लागतो. एक मोंढ्यातले निवृत्त मुनीम, एक सदर बाजारातल्या मारवाडी घरातल्या भाभी आणि एक रिक्षावाले मामा.

मी मूळचा उदगीरचा. २०१५ च्या उन्हाळ्यात जालन्याच्या एमआयडीसीत, सळया तयार करणाऱ्या एका कारखान्यात डिस्पॅचला लागलो. बायको जिल्हा परिषदेची शिक्षिका, तिला शाळा मिळाली अंबड तालुक्यातली. ती सकाळी एसटीने निघायची ती संध्याकाळीच परतायची. माझी पाळी सकाळी सहा ते दोन, म्हणून मुलीला शाळेतून आणायचं काम माझ्याकडे आलं. घर कुंडलिका नदीच्या अलीकडे, नवीन जालन्यात. शहरात ना कुणी नातेवाईक, ना कुणी गाववाला.

शाळा साडेतीनला सुटायची. फाटक वेळेआधी एक मिनिटही उघडत नसे, आणि उशीर झालेल्या पालकाला शिपाई सगळ्यांसमोर घड्याळ दाखवायचा. त्यामुळे सगळे दहा-पंधरा मिनिटं आधीच येऊन उभे राहायचे. शाळा रस्त्याच्या पूर्वेला आहे. दुपारी तीननंतरचं ऊन समोरून थेट फाटकावर येतं आणि कुंपणाच्या भिंतीची सावली आतल्या बाजूला, मैदानात पडते. बाहेर सावली एकच, एका कडुनिंबाची. जालन्याच्या उन्हात कुणी हौसेने लांब उभं राहत नाही. एरवी ज्यांनी एकमेकांकडे पाहिलंही नसतं, अशी माणसं त्या झाडामुळे हातभर अंतरावर यायची. हिवाळ्यात ऊन हवंसं झालं की हीच गर्दी रस्ताभर पांगायची आणि गप्पा कमी व्हायच्या. ओळखी वाढल्या त्या पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात.

मारिओ स्मॉल नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधल्या पाळणाघरांत येणाऱ्या आयांच्या ओळखींचा अभ्यास केला. त्यावरचं ‘अनअँटिसिपेटेड गेन्स’ हे त्यांचं पुस्तक २००९ मध्ये आलं. त्यात एक साधी गोष्ट सापडते. जिथे मुलांना नेण्याची वेळ ठरलेली असते तिथे आया एकमेकींना वारंवार भेटतात आणि ओळखी होतात. जिथे केव्हाही या आणि न्या अशी सोय असते तिथे त्या मानाने होत नाहीत. मैत्री करायला म्हणून कुणीच आलेलं नसतं. आमच्या शिपायाने हे पुस्तक वाचलेलं असण्याची शक्यता नाही, पण त्याच्या घड्याळाने तेच काम केलं.

पुरुषाची तिथे एक वेगळी अडचण असते. झाडाखाली बहुतेक बायका आणि आजी-आजोबा. आलेले बाप रस्त्याच्या पलीकडे, पानटपरीजवळ, गाडीवर बसूनच फोन बघत राहतात. मीही सुरुवातीला तिथेच उन्हात बसायचो. परक्या बायकांच्या घोळक्यात जाऊन बोलायचं काय, आणि बोललं तर त्यांना काय वाटेल, हा प्रश्न खराच असतो. तो सोडवला मुनीमकाकांनी. त्यांचा नातू माझ्या मुलीच्या वर्गात होता. एक दिवस ते रस्ता ओलांडून माझ्याकडे आले, हातातली शाळेची डायरी पुढे केली आणि म्हणाले, “भाऊ, हे इंग्रजीत काय लिहून दिलंय बाईंनी? आम्हाला मोडी येते, हे येत नाही.”

दुसऱ्या दिवशी पांढरे शूज आणायचे होते, एवढंच लिहिलेलं होतं. मी सांगितलं. ते मला बोलत बोलतच झाडाखाली घेऊन गेले आणि तिथे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “उद्या पांढरे शूज बरं का. या भाऊंनी वाचून सांगितलं.” त्या दिवसापासून मी डायरी वाचून दाखवणारा झालो आणि मला झाडाखाली उभं राहायला कारण मिळालं. वाकून बघणाऱ्या आज्या, “आमच्याही डायरीत तेच आहे का हो?” असं विचारणाऱ्या आया. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, काकांचा मुलगा एका कंपनीत अकाउंटंट होता आणि सून पदवीधर. घरी डायरी वाचायला दोन माणसं होती.

काकांनी उभी हयात नवीन मोंढ्यात आडत्याकडे मुनिमी केली होती. माणसं कशी जवळ येतात याबद्दल त्यांची मतं तिथून आलेली होती. आडतीवर शेतकरी माल घेऊन येतो, मध्येच उचल घेतो, पुन्हा माल आला की थोडी फेडतो. “खातं चालू असतं तोवर माणूस येतो,” काका म्हणायचे, “ज्या दिवशी पै न् पै चुकती करून खातं कोरं केलं, त्या दिवशी समजायचं, हा आता दुसऱ्या आडतीवर जाणार.” फाटकावरच्या ओळखीला त्यांनी हेच लावलं होतं. पहिल्यांदा आपण मदत करायची नाही, मागायची. आणि मागायची तीही अशी की देणाऱ्याला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागू नये. डायरी वाचून द्या, गोंदाची बाटली द्या, विसाची नोट सुटी करून द्या. मोठी मदत आधी देऊ केली तर समोरचा बिचकतो. मोठी मदत आधी मागितली तर तो टाळायला लागतो.

त्यांचं विचारणंही मोजकं असायचं. आडनाव ते कधी विचारत नसत. आपल्याकडे आडनाव विचारलं की पुढचा प्रश्न न विचारताच विचारला जातो, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर ते दिसतं. कुठे नोकरी, घर स्वतःचं का, हेही नाही. “लेकरू कोणत्या वर्गात?” हा पहिला प्रश्न, आणि मग जालन्यातला हमखास चालणारा दुसरा: “तुमच्याकडे नळ आले का?”

जालन्याबाहेरच्या वाचकाला याचं महत्त्व कळणार नाही. इथे नळ रोज येत नाही. आठवडा-आठवडा, कधी त्याहून जास्त दिवसांनी येतो, आणि तोही गल्लीगल्लीने वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी. नवीन जालन्याला निजामकाळातल्या घाणेवाडी तलावाचं पाणी येतं, पैठणच्या जायकवाडीहूनही जलवाहिनी आली आहे, तरी उन्हाळ्यात हाल ठरलेले. म्हणून पाण्याची बातमी हा इथे खरा व्यवहार असतो. कन्हैयानगरात काल रात्री आले म्हणजे भाग्यनगरात कधी येतील, याचा अंदाज झाडाखाली बांधला जायचा. या प्रश्नाला उत्तर देताना कुणाला कमीपणा वाटत नाही, कुणी बढाई मारू शकत नाही, आणि उत्तर ऐकणाऱ्याच्या उपयोगी पडतं. पाण्यावर बोलणाऱ्या दोन माणसांना एकमेकांची गल्ली कळते, टाकी किती लिटरची ते कळतं, घरात माणसं किती ते कळतं. एवढी माहिती कुणी सरळ विचारली असती तर राग आला असता.

काल काय बोलणं झालं होतं ते दुसऱ्या दिवशी आठवून विचारणं, ही काकांची दुसरी खोड. “रात्री आले का मग नळ?” “आजीचा पाय कसाय?” मी पुढे माणसं यावरूनच ओळखायला शिकलो. झाडाखाली गोड बोलणारे पुष्कळ असतात. कालचं बोलणं ज्याला आज आठवतं तो टिकतो. ज्याला दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं, त्याच्याशी वर्षानुवर्षं बोललं तरी ओळख तेवढीच राहते.

भाभींशी ओळख अशीच डायरीवरून झाली. त्यांचं कपड्यांचं दुकान, घरी हिंदी-मारवाडी, आमच्याशी मराठी, आणि घाई झाली की तिन्ही मिसळून. आधी त्यांनी गॅदरिंगसाठी लागणारं हिरवं कापड आणून दिलं. पैसे घेतले, पण दुकानभावाने. मग मी त्यांच्या मुलाच्या प्रोजेक्टसाठी कारखान्यातून सळईचे छोटे तुकडे आणून दिले. फोन नंबर दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी दिले-घेतले गेले, तेही गृहपाठ विचारायला. होळीनंतरच्या धुळवडीला जालन्यात हत्ती रिसाल्याची मिरवणूक निघते. शंभराहून जास्त वर्षांची ही प्रथा, मी नुसती ऐकून होतो. काकांनी आम्हाला ती बघायला एका ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर बोलावलं. तिथे भाभी आणि त्यांचे मिस्टर भेटले. बायको या मंडळींना पहिल्यांदा तिथेच भेटली. फाटकाबाहेर, लेकरांच्या निमित्ताशिवाय झालेली ती आमची पहिली भेट. हे महत्त्वाचं अशासाठी, की पुढे मला जे मागायचं होतं ते दोन घरांमधलं होतं. एका बापाने एका आईकडे एकट्याने मागण्यासारखं ते नव्हतं.

मार्चअखेर उन्हाळ्यामुळे शाळा सकाळची झाली. सुटायची वेळ साडेअकरा. माझी पाळी दोनला संपणार, बायकोची शाळाही सकाळचीच, पण तिची एसटी एक-सव्वाशिवाय स्टँडवर लागत नसे. रिक्षा लावली असती तर रिक्षा मुलीला कुलूप लावलेल्या दारात सोडणार. दीड-पावणेदोन तासांचा हा खड्डा कसा भरायचा, हे मला जानेवारीपासून कळत नव्हतं.

मी काकांना विचारलं. ते म्हणाले, “माझ्याकडे ठेवू नका. मी म्हातारा माणूस, दुपारी डोळा लागतो. भाभींना विचारा, पण पूर्ण उन्हाळ्याचं विचारू नका. एका दिवसाचं विचारा.” मी एका शुक्रवारचं विचारलं. भाभींनी होकार द्यायच्या आधी तीन प्रश्न विचारले. मुलगी काय खात नाही, घरी कुणाचा फोन लावायचा, आणि शाळेला लिहून दिलं का? तिसरा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. शाळा लेकरू परक्याच्या हाती देत नसे. बायकोने आणि मी दोघांनी सहीचं पत्र वर्गशिक्षिकांना दिलं, भाभींचा फोटो डायरीच्या मागच्या पानावर चिकटवला, आणि त्या स्वतः एकदा बाईंना भेटून आल्या. मुलीला आम्ही घरी सांगून ठेवलं, की पत्र आहे म्हणून फक्त यांच्याबरोबर जायचं; झाडाखालच्या कुठल्याही ओळखीच्या माणसाबरोबर नाही. हे दुसरं वाक्य सांगणं अवघड वाटतं, कारण ती माणसं आपलीच असतात. तरी ते सांगावंच लागतं.

तो शुक्रवार नीट पार पडला. सोमवारी भाभीच म्हणाल्या, “भैया, रोज का ही रखो ना. हमारा भी अकेला बोर होता है.” पुढचा सगळा उन्हाळा, आणि त्यानंतरचे उन्हाळेही, माझी मुलगी त्यांच्याकडे जेवली. पहिल्याच आठवड्यात मी मिठाईचा मोठा बॉक्स घेऊन निघालो होतो. काकांनी अडवलं. “आज बॉक्स दिला तर उद्या त्यांना वाटेल मजुरी दिली. थांबा जरा. त्यांची गरज येईल.”

गरज आली ती पाण्याचीच. २०१६ चा तो उन्हाळा मराठवाड्यात कुणी विसरणार नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेच वर्ष. मी लातूर जिल्ह्यातला, म्हणून झाडाखालची मंडळी भेटली की मला “तुमच्याकडे तर आगगाडी आली” असं चिडवायची. सदर बाजारातल्या अरुंद गल्लीत टँकर शिरत नव्हता. आमच्या गल्लीत शिरत होता, आणि घरमालकांचा हौद मोठा होता. आम्ही टँकर अर्धा-अर्धा घ्यायला लागलो. त्यांचा हातगाडा ड्रम घेऊन यायचा आणि भरून जायचा. टँकरचे पैसे आम्ही निम्मे वाटून घ्यायचो, आणि वरच्या सुट्ट्या रकमेचा घोळ कधीच पूर्ण मिटवायचो नाही. काका हसायचे. खातं चालू होतं.

सगळंच असं गोड नव्हतं. शाळा पुन्हा दुपारची झाल्यावर झाडाखालच्या एका पालकाने पाच-सहा घरांना चहाला बोलावलं. गेल्यावर कळलं की ती एका साखळी योजनेची मीटिंग होती. आपण पैसे भरायचे, आणखी तिघांना आणायचं. काहींनी भिडेपोटी भरले. पुढच्या आठवड्यात झाडाखालचं चित्र बदललं. माणसं आधी यायची बंद झाली. बरोबर घंटेला गाडी लावायची, लेकरू घ्यायचं, निघायचं. जे यायचे ते फोनमध्ये बघायचे. एखाद्या फाटकावर काहीतरी बिनसलंय हे ओळखायची ही खूण पक्की आहे: लोक लवकर यायचे थांबतात. काकांनी तेव्हा उघड सांगितलं, “या झाडाखाली विक्री नाही. विम्याचीही नाही, पापडाचीही नाही.” पापडवाल्या ताई थोड्या नाराज झाल्या, पण हळूहळू माणसं पुन्हा पंधरा मिनिटं आधी यायला लागली. दुसरं जे विष असतं ते मार्कांचं. चाचणीचे पेपर मिळालेल्या दिवशी “तुमच्या हिला किती?” सुरू झालं की आम्ही मुद्दाम नळांवर यायचो.

रिक्षावाल्या मामांचं देणं सांगायला कमी शब्द लागतील, पण ते कमी नाही. ते सगळ्यांच्या आधी येऊन रिक्षा वळवून लावायचे आणि झाडाखालच्या गप्पा सीटवरूनच ऐकायचे. माझी मुलगी त्यांच्या रिक्षात कधी बसली नाही. माझ्याकडून त्यांना एक रुपयाही मिळत नव्हता. तरी गावात अचानक बंद झाला आणि शाळा मध्येच सोडली की पहिला फोन त्यांचा यायचा. “पप्पा, शाळा सुटायलीय. तुमची पोरगी आतच बसलीय, बाईंना सांगितलंय मी.” इतक्या लेकरांमधून आपलं नसलेलं एक लेकरू लक्षात ठेवणं, याचं मोल कुठल्या भाड्यात बसत नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि फाटक संपलं. पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरायला डिसेंबर २०२१ उजाडला. मोठ्यांचे थोडे आधी सुरू झाले, पण तोवर आमची मुलगी सायकलने जाण्याएवढी झाली होती. मला त्या झाडाखाली पुन्हा उभं राहावंच लागलं नाही. या काळात कोणत्या ओळखी टिकल्या हे बघण्यासारखं आहे. शाळेचा ग्रुप ऑनलाइन वर्गांच्या लिंकांनी आणि फीच्या वादाने भरून गेला, मग शांत झाला. ज्यांच्याशी फक्त शाळेविषयी बोलणं होतं, त्यांच्याशी विषयच उरला नाही. ज्यांच्याशी टँकर, औषध, कापड, डबा असं काहीतरी अर्धवट देणं-घेणं होतं, त्यांचे फोन चालू राहिले. रिक्षा बंद पडली तेव्हा मामांनी भाजीची गाडी लावली, आणि झाडाखालच्या अर्ध्या घरांनी महिनोन् महिने भाजी त्यांच्याकडूनच घेतली. त्यासाठी कुणी आवाहन केलं नव्हतं.

एप्रिल २०२१ मध्ये काकांना न्यूमोनिया झाला. कारखान्यांचा ऑक्सिजन दवाखान्यांकडे वळवला जात होता, आमच्याकडचं कटिंगचं काम थांबलं होतं. सिलिंडर कुठे भरून मिळतो, कुठल्या दारात किती वाजता रांग लागते, हे डिस्पॅचमध्ये असल्याने मला ठाऊक होतं. काकांचा मुलगा स्वतः आजारी पडलेला. मी आणि भाभींचे मिस्टर आळीपाळीने रांगेत उभे राहिलो. काका बरे होऊन घरी आले. अजून आहेत. आता ऐकायला कमी येतं, म्हणून मोठ्याने विचारावं लागतं: नळ आले का?

मामा आता रिक्षा चालवत नाहीत, त्यांचा मुलगा चालवतो. भाभींचं खरं नाव मला शाळेला पत्र लिहितानाच कळलं होतं. अजून मी त्यांना भाभीच म्हणतो.

परवा त्या शाळेवरून गेलो. गर्दी होऊ नये म्हणून आता वर्ग पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने, दोन वेगवेगळ्या फाटकांतून सोडतात. वाहतुकीच्या दृष्टीने उत्तम सोय आहे, पण पालक गाडीतून उतरतच नाहीत. मुख्याध्यापक मंडळींना माझी एवढीच विनंती आहे: निदान पहिली-दुसरीचे सगळे वर्ग एकाच वेळी, एकाच फाटकातून सोडा, आणि बाहेर सावलीत एक लांब बाक टाका.